काळे आधी की कावळे? नावांचा वर्णक्रम आणि संगणकाचे आकडे

गावातल्या ग्रंथालयाच्या सभासदांची यादी वर्णक्रमाने लावायची आहे असे समजा. आडनावे तेराच आहेत: अत्रे, आपटे, ॲलन, कंक, कदम, कांबळे, काकडे, कावळे, कासार, काळे, खरे, हळबे आणि क्षीरसागर. वर्णमाला पाठ असलेल्या ग्रंथपालाने हाताने लावलेला हा क्रम आहे. हीच नावे संगणकाला देऊन, भाषेबद्दल काहीही न सांगता, ‘क्रमाने लाव’ म्हटले की पुढची यादी हाती येते:

अत्रे, आपटे, कंक, कदम, कांबळे, काकडे, काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरे, हळबे, ॲलन.

दहा नावांचा आपसातला क्रम तोच राहिला. काळे, क्षीरसागर आणि ॲलन ही तीन मात्र जागा सोडून गेली. ॲलन तर तिसऱ्या जागेवरून थेट शेवटी. यादी तेरा नावांची असेपर्यंत हे नजरेने सापडते. मतदारयादी किंवा निकालपत्रक हजारोंचे असते, आणि माणूस आपले नाव जिथे असायला हवे तिथेच शोधतो. तिथे दिसले नाही की ‘नाव नाही’ म्हणून परत जातो.

संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा मिळाला आहे. त्यात अ चा क्रमांक २३०९, आ चा २३१०, क चा २३२५, ह चा २३६१. दोन नावांची तुलना करताना संगणक दोन्हींचे पहिले क्रमांक पाहतो, ते सारखे निघाले तर दुसरे पाहतो, आणि जिथे फरक सापडेल तिथे लहान क्रमांकाचे नाव आधी लावतो. मराठी, वर्णमाला, कोश यातले काहीच या तुलनेत येत नाही.

तरीही बहुतेक नावे बरोबर लागली, हे श्रेय तक्ता आखणाऱ्यांचे. कदम आणि काकडे घ्या. पहिला क दोन्हींत सारखा. कदममध्ये दुसरा येतो द, क्रमांक २३४२. काकडेमध्ये दुसरा येतो काना, कारण काना हे स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवले जाते आणि त्याचा क्रमांक २३६६ आहे. सगळ्या स्वरचिन्हांचे क्रमांक सगळ्या व्यंजनांच्या वरचे ठेवले आहेत, म्हणून बिनकान्याचा कदम आधी आणि काकडे नंतर येतो. पाय मोडण्याच्या चिन्हाला, म्हणजे हलन्ताला, नेहमीच्या सगळ्या मात्रांच्या वरचा २३८१ क्रमांक दिला आहे. त्यामुळे करमरकर आधी आणि जोडाक्षर असलेले कर्वे नंतर, हाही कोशातलाच क्रम आपोआप मिळतो.

काळे आणि कावळे यांच्यात मात्र ही आखणी उलटते. क आणि काना दोन्हींत सारखे, म्हणून निकाल तिसऱ्या चिन्हावर लागतो. ळ चा क्रमांक २३५५, व चा २३५७. संगणक काळे आधी लावतो. मराठी वर्णमालेत य, र, ल, व, श, ष, स, ह हे सगळे होऊन गेल्यावर ळ येतो, म्हणजे काळे हे कावळे आणि कासार यांच्याही मागे हवे. मग ळ ला ल च्या शेजारी कोणी बसवले? भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने जो तक्ता ठरवला, तो इस्की या नावाने ओळखला जातो. युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. हा तक्ता देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, कन्नड अशा अनेक लिप्यांना मिळून एकच होता. त्यामुळे लिपी बदलणे सोपे होते: देवनागरी क २३२५, त्यात १२८ मिळवले की बंगाली क, म्हणजे २४५३. या सामाईक मांडणीत ल च्या जातीची अक्षरे एकत्र ठेवली गेली. २३५४ वर ल, २३५५ वर ळ, आणि २३५६ वर दाक्षिणात्य भाषांतला उच्चार लिहिण्यासाठीचा ऴ. अनेक लिप्यांची सोय पाहताना एकट्या मराठीचा क्रम राखणे शक्यही नव्हते. हा दोष मी तक्त्याला देणार नाही. क्रमांक हे अक्षराची ओळख पटवण्यासाठी दिलेले आहेत. वर्णक्रमासाठी तेच वापरणे ही आपली, म्हणजे कार्यक्रम लिहिणाऱ्यांची आणि लिहून घेणाऱ्यांची, हयगय आहे.

क्षीरसागरचे कारण थोडक्यात सांगता येते. शाळेच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी, ळ च्याही पुढे असतात. संगणकाला क्ष हे अक्षर माहीतच नाही. त्याच्यापाशी क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे आहेत, म्हणून हे नाव क च्या घरात, जोडाक्षरांमध्ये जाते. काही कोशही क्ष ला क् अधिक ष मानून तिथेच ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात, फक्त एका यादीत एकच चालवावी लागते.

नावे बिघडतात ती ॲ मुळेही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आणि तिच्यात ॲ आणि ऑ यांना स्वरांत स्थान दिले. ॲ ची नेमकी जागा ए जवळ मानावी की अ नंतर, यावर मतभेद होऊ शकतील, पण ती क च्या आधी आहे यावर होणार नाहीत. युनिकोडमध्ये मात्र हे अक्षर २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर स्वरांच्या ओळीत जागा उरली नव्हती, म्हणून त्याला २४१८ हा क्रमांक मिळाला. नुसते आकडे पाहिले तर सगळी व्यंजने संपल्यावर, हळब्यांच्याही मागे, ॲलन उभे राहतात.

आणि ही अर्धीच गोष्ट झाली. २००८ च्या आधी लोक ॲ लिहीत नव्हते असे थोडेच आहे? ते अ लिहून त्यावर चंद्र देत. काही जण हिंदीच्या पद्धतीचा, ए वर चंद्र असलेला ऍ वापरत. अजूनही कळफलकाप्रमाणे ही तिन्ही रूपे टंकली जातात. अ आणि चंद्र असे लिहिलेले अॅलन पडद्यावर ॲलनसारखेच दिसते, पण त्याचे क्रमांक २३०९ आणि २३७३ असल्यामुळे ते अत्र्यांच्या मागे आणि आपट्यांच्या पुढे बसते. ऍ चा क्रमांक २३१७, म्हणून ऍलन हे ऋ आणि ए यांच्यामध्ये पडते. तीन ॲलन भाऊ, यादीत तीन ठिकाणी. युनिकोडचे स्वतःचे शुद्धीकरणही या तिघांना एक मानत नाही. म्हणून वर्णक्रमाला हात लावण्याआधी ही रूपे शोधून सगळीकडे एकच ॲ करून घ्यावा लागतो. हे काम राहिले तर पुढचा चांगला नियमही पांगळा ठरतो. पडताळणी सोपी आहे: नाव शोधा, आणि डोळ्यांना दिसत असूनही ‘सापडले नाही’ असे उत्तर आले तर रूप वेगळे आहे असे समजा.

अनुस्वाराचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण तिथे माणसांचेच एकमत नाही. संगणकात अनुस्वाराचा क्रमांक २३०६, म्हणजे अ च्याही आधी. त्यामुळे कांबळे हे काकड्यांच्या आधी येतात, आणि वर मी ग्रंथपालाच्या यादीतही त्यांना तिथेच ठेवले, कारण अनुस्वार सर्व व्यंजनांच्या आधी घेण्याची पद्धत कोशांत रूढ आहे. पण दुसरी पद्धतही तितकीच जुनी आहे. मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात अंश हा शब्द अगदी सुरुवातीला भेटतो आणि अंक बराच पुढे, कारण क पूर्वीचा अनुस्वार तिथे ङ् मानला आहे. हा नियम लावला तर कांबळे म्हणजे काम्बळे. मग ते काकड्यांच्या पुढे, कामतांच्याही पुढे आणि कावळ्यांच्या आधी जातील. तिसरा नियम बाराखडीचा: क, का, कि करत कौ झाल्यावर कं. तो धरला तर कंक हे नाव कौशिकच्या मागे जाते. मात्र कां ला बाराखडीत घरच नाही, त्यामुळे कांबळ्यांचे काय करायचे हे बाराखडी सांगत नाही. म्हणून नावांच्या यादीसाठी मला पहिली पद्धत योग्य वाटते. ती प्रत्येक नावाला लागू पडते, आणि म् की न् हा विचार वाचणाऱ्याला करावा लागत नाही.

उपाय नवा नाही. युनिकोडनेच वर्णक्रमाची वेगळी रीत ठरवून दिली आहे. तिच्यात प्रत्येक अक्षराला, त्याच्या क्रमांकाशी संबंध नसलेले, एक वजन दिले जाते आणि तुलना त्या वजनांची होते. ळ चे वजन ह पेक्षा जास्त ठेवले की काळे आपोआप कासारच्या मागे जातात. क, हलन्त, ष या तिघांच्या जुडग्याला मिळून एकच वजन देता येते, म्हणजे क्ष शेवटी नेता येतो. आधी मुख्य अक्षरे पाहायची आणि ती सारखी निघाली तरच बारीक फरक पाहायचे, असे टप्पेही तिच्यात आहेत. भाषेनुसार बदलणारे नियम CLDR नावाच्या सामाईक संग्रहात ठेवलेले असतात आणि मराठीसाठी त्यांची खूण mr आहे. वेबपानावरच्या यादीसाठी फरक एवढाच:

```
names.sort()
names.sort(new Intl.Collator("mr").compare)
```

पहिली ओळ आकडे पाहते, दुसरी मराठीचे नियम मागते. मागितलेले नियम त्या यंत्रावर असतीलच आणि तुमच्या पसंतीचेच असतील, हे मात्र गृहीत धरू नये. माहितीसाठ्यांमध्येही यादी लावण्याची रीत निवडावी लागते. न निवडता काम पुढे गेले तर पुष्कळदा पुन्हा आकड्यांचाच क्रम वाट्याला येतो. नियम जुन्या आवृत्तीचे असतील तर नंतर आलेल्या ॲ ला त्यांत वजनच नसते, आणि ते नाव पुन्हा तळाला जाते.

तेव्हा शाळा, पतपेढी, ग्रंथालय किंवा मंडळासाठी नावांची यादी करून घेत असाल तर काम देतानाच तीन गोष्टी लिहून द्या: अनुस्वार कुठे, ळ कुठे, क्ष आणि ज्ञ कुठे. सगळे ॲ एका रूपात आणून घ्या. आणि काम ताब्यात घेण्याआधी ॲलन, कांबळे, काकडे, कावळे, काळे, हळबे, क्षीरसागर ही सात नावे उलटसुलट भरून यादी लावून पाहा. ॲलन तळाला गेले किंवा काळे कावळ्यांच्या आधी आले, तर ती यादी परत पाठवा.