नितंबस्नायूंच्या व्यायामात हिप थ्रस्ट आणि स्क्वॅट : सांध्याचा कोन व स्नायूवरील ताण यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

खुब्याचा सांधा सरळ करण्याचे काम प्रामुख्याने नितंबातील ग्लुटिअस मॅक्सिमस हा स्नायू करतो. धावणे, उडी मारणे, जिना चढणे, बसलेल्या स्थितीतून उठणे या सर्व क्रियांमध्ये त्याचा मोठा वाटा असतो. या स्नायूच्या विकासासाठी दीर्घकाळ स्क्वॅट हाच मुख्य व्यायाम मानला जात असे. अमेरिकेतील व्यायाम प्रशिक्षक ब्रेट कॉन्ट्रेरास यांच्या प्रयत्नांमुळे २००९ नंतर हिप थ्रस्ट या व्यायामाचा प्रसार झाला आणि या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता, असा वाद सुरू झाला. मात्र श्रेष्ठतेचा हा प्रश्न सोडविण्यापूर्वी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळणे आवश्यक ठरते. तो प्रश्न म्हणजे, हालचालीच्या कोणत्या टप्प्यावर, सांध्याच्या कोणत्या कोनात, स्नायूवर सर्वाधिक भार येतो? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन केले आहे.

दोन्ही व्यायामांचे स्वरूप :

स्क्वॅटमध्ये बारबेल खांद्यांच्या मागील बाजूस घेऊन उभे राहिले जाते, गुडघे व खुबा वाकवून खाली बसले जाते आणि पुन्हा उभे राहिले जाते. हिप थ्रस्टमध्ये सुमारे ४० सेंटिमीटर उंचीच्या बाकाच्या कडेवर पाठीचा वरचा भाग टेकविला जातो, पावले जमिनीवर ठेवून गुडघे वाकविले जातात आणि जाड पट्टीसह बारबेल खुब्यावर ठेवून नितंब वर उचलले जातात. वरच्या टोकाला धड व मांड्या एका सरळ रेषेत जमिनीला समांतर येतात आणि नडग्या उभ्या राहतात. दोन्ही व्यायामांत खुबा सरळच केला जातो, परंतु भाराची दिशा आणि शरीराची स्थिती यांच्यातील नाते वेगळे असते. फरकाचे मूळ येथेच आहे.

भुजा आणि आघूर्ण :

सांध्याला वाकवू पाहणारा बाह्य परिणाम केवळ वजनावर अवलंबून नसतो. बलाची रेषा सांध्यापासून किती अंतरावरून जाते, यावरही तो ठरतो. या लंबांतराला भुजा म्हणतात आणि बल व भुजा यांच्या गुणाकाराला आघूर्ण, म्हणजेच टॉर्क म्हणतात. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड जाते आणि कडेजवळ ढकलले तर हलके जाते, हे त्याचेच उदाहरण होय. सांध्याचा कोन बदलला की भुजा बदलते. त्यामुळे वजन तेच राहूनही स्नायूकडून होणारी मागणी बदलत जाते.

एक उदाहरण :

बारबेलचे वजन ६० किलोग्रॅम आहे असे समजू. त्याचे बल सुमारे ५८८ न्यूटन होते. गणित सोपे राहावे म्हणून शरीराचे स्वतःचे वजन येथे बाजूस ठेवले आहे; पुढील अंतरेही मध्यम उंचीच्या व्यक्तीसाठी गृहीत धरली आहेत.

स्क्वॅटमध्ये तोल राखण्यासाठी बारबेल पावलांच्या मध्यभागावर राहते आणि खुबा मागे सरकतो. मांडी जमिनीला समांतर आली की खुबा बारबेलच्या उभ्या रेषेपासून सुमारे २५ सेंटिमीटर मागे असतो. म्हणजे आघूर्ण सुमारे १४७ न्यूटन मीटर होते. अर्ध्या वाटेवर हे अंतर १७ सेंटिमीटर धरल्यास आघूर्ण १०० न्यूटन मीटर राहते. व्यक्ती जवळजवळ उभी राहिली आणि अंतर २ सेंटिमीटर उरले की ते केवळ १२ न्यूटन मीटरवर येते. याचा अर्थ स्क्वॅटमधील सर्वाधिक मागणी तळाशी असते आणि वर येताना ती जवळजवळ नाहीशी होते.

हिप थ्रस्टचे गणित थोडे निराळे आहे. बारबेल थेट खुब्यावर असल्याने तिची स्वतःची भुजा शून्यच असते. आघूर्ण निर्माण होते ते बाकाच्या प्रतिक्रियेमुळे. दोन टेकूंवर ठेवलेल्या फळीप्रमाणे बारबेलचा भार बाक आणि पावले यांच्यात वाटला जातो. वरच्या टोकाला बाकाची कड खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर आणि पावले ४२ सेंटिमीटरवर आहेत असे मानल्यास, बाकाच्या वाट्याला सुमारे ३०१ न्यूटन येतात आणि खुब्यावरील आघूर्ण सुमारे १२० न्यूटन मीटर होते. नितंब खाली गेले की बाकापासूनचे आडवे अंतर ३० सेंटिमीटरपर्यंत घटते, पण पावलांपासूनचे ५२ सेंटिमीटरपर्यंत वाढते. त्यामुळे बाकाकडे भाराचा अधिक हिस्सा, सुमारे ३७३ न्यूटन, येतो आणि आघूर्ण ११२ न्यूटन मीटर राहते.

या गणितात पावले व बाक यांच्याशी होणारे घर्षण धरलेले नाही, तरी त्यातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. हिप थ्रस्टचा भार केवळ वरच्या टोकाला असतो, हा समज अपुरा आहे. तो संपूर्ण हालचालीत जवळजवळ एकसारखा असतो. स्क्वॅटपेक्षा त्याचे वेगळेपण असे की, खुबा पूर्ण सरळ झाल्यावरही हा भार कमी होत नाही.

स्नायूच्या आतील बाजू :

बाह्य आघूर्ण आणि स्नायूतील ताण या एकच गोष्टी नव्हेत. स्नायूलाही स्वतःची भुजा असते आणि ती कोनानुसार बदलते. ग्लुटिअस मॅक्सिमसची भुजा खुबा सरळ होत असताना मोठी असते आणि खुबा वाकत जाईल तशी लहान होते. खोल वाकलेल्या स्थितीत मात्र मांडीच्या आतील बाजूचा अॅडक्टर मॅग्नस हा स्नायू खुबा सरळ करण्यास अधिक अनुकूल ठरतो. त्यामुळे स्क्वॅटच्या तळाशी मागणी सर्वाधिक असली तरी ती एकट्या नितंबस्नायूवर पडत नाही. अॅडक्टर तिच्यात मोठा वाटा उचलतात.

हिप थ्रस्टच्या वरच्या टोकाला परिस्थिती उलट असते. गुडघे वाकलेले असल्याने मांडीच्या मागील हॅमस्ट्रिंग स्नायू आखडलेल्या लांबीत असतात आणि फारसे बल देऊ शकत नाहीत. काम नितंबस्नायूकडे येते. परंतु तोही त्या वेळी आखूड झालेला असतो आणि आखूड स्नायूची बल निर्माण करण्याची क्षमता घटते. ही उणीव भरून काढण्यासाठी मज्जासंस्था अधिकाधिक स्नायूतंतू कामाला लावते.

ईएमजीच्या निष्कर्षांचा अर्थ :

कॉन्ट्रेरास व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यायामाचा अनुभव असलेल्या १३ स्त्रियांची ईएमजी चाचणी घेण्यात आली. त्यात ग्लुटिअस मॅक्सिमसची विद्युत क्रियाशीलता स्क्वॅटपेक्षा हिप थ्रस्टमध्ये अधिक आढळली. यावरून हिप थ्रस्टने नितंबस्नायू अधिक वाढतील, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तथापि ईएमजी स्नायूला मिळणारी आज्ञा मोजते, स्नायूतील ताण नव्हे. आखूड स्थितीत आज्ञा मोठी असूनही निर्माण होणारे बल मर्यादित असू शकते. उलटपक्षी, ताणलेल्या स्थितीत कमी आज्ञेतही तंतूंवर मोठा ताण येऊ शकतो, कारण त्या वेळी ताणलेल्या ऊतींचा निष्क्रिय ताणही त्यात मिसळतो.

या वादाची प्रत्यक्ष कसोटी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठातील अभ्यासात घेतली गेली. व्यायामाचा अनुभव नसलेल्या ३४ तरुण व्यक्तींपैकी एका गटाने स्क्वॅट आणि दुसऱ्या गटाने हिप थ्रस्ट ९ आठवडे केला. स्नायूंचे आकारमान एमआरआयद्वारे मोजण्यात आले. नितंबस्नायूंची वाढ दोन्ही गटांत सारखीच आढळली. क्वाड्रिसेप्स व अॅडक्टर यांची वाढ मात्र स्क्वॅट गटात अधिक होती. सुरुवातीची ईएमजी क्रियाशीलता हिप थ्रस्टमध्ये अधिक असूनही तिने पुढील वाढीचे भाकीत केले नाही. हा अभ्यास नवशिक्यांचा व अल्प मुदतीचा असल्याने तो अनुभवी खेळाडूंना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि केवळ ईएमजीवरून व्यायामाची निवड करणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून दिसते.

खोलीचा प्रश्न :

स्क्वॅटमधील मागणी तळाशी एकवटलेली असल्याने तळच गाळला तर काय होते, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधकांच्या अभ्यासात दिसते. १० आठवड्यांनंतर पूर्ण स्क्वॅट करणाऱ्यांच्या ग्लुटिअस मॅक्सिमसचे आकारमान ६.७ टक्क्यांनी वाढले, तर अर्धा स्क्वॅट करणाऱ्यांचे २.२ टक्क्यांनी. क्वाड्रिसेप्सची वाढ मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखी होती. अर्थात, अर्ध्या स्क्वॅटमध्ये बारबेलवर अधिक वजन चढविता येते म्हणून तो नितंबांसाठी पुरेसा आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

येथे तालमीतील बैठकेचा विचार उद्बोधक आहे. बैठकेत खोली पूर्ण असते. पण टाचा उचलल्या जातात, गुडघे पुष्कळ पुढे जातात आणि धड बरेचसे उभे राहते. परिणामी खुबा पावलांच्या जवळ राहतो, खुब्याची भुजा लहान व गुडघ्याची मोठी होते आणि भार मुख्यतः मांडीच्या पुढील बाजूवर येतो. म्हणजे केवळ खोली पुरेशी नाही. त्या खोलीत खुबा भाररेषेपासून किती दूर आहे, हेही पाहावे लागते.

प्रत्यक्ष व्यवहारातील चुका :

हिप थ्रस्टमधील नेहमीची चूक म्हणजे वरच्या टोकाला खुब्याऐवजी कंबर मागे वाकविणे. बारबेल उंच गेल्याचे दिसते, पण खुबा तितका सरळ झालेला नसतो. बाजूने पाहिल्यास बरगड्यांचा खालचा भाग वर उचललेला आणि कंबरेत कमान पडलेली दिसते. हनुवटी छातीकडे ठेवून बरगड्या खाली राखल्यास ही चूक टळते. तरीही ती होत असेल तर वजन कमी करावे. पावले फार पुढे गेली तर हॅमस्ट्रिंगमध्ये पेटके येतात. ती वरच्या टोकाला नडग्या उभ्या राहतील अशा अंतरावर आणावीत.

स्क्वॅटमध्ये वजन वाढू लागले की खोली नकळत कमी होते आणि करणाऱ्याला ते जाणवत नाही. बाजूने घेतलेल्या छायाचित्रात खुब्याची घडी गुडघ्याच्या पातळीपर्यंत आली की नाही, हे सहज तपासता येते. तळाशी ओटीपोट आत वळून कंबर गोल होत असेल, तर ती त्या व्यक्तीची सध्याची मर्यादा समजावी व त्याआधीच थांबावे.

निष्कर्ष :

स्क्वॅटमध्ये नितंबस्नायूवरील मागणी तो ताणलेला असताना शिगेला पोहोचते व उभे राहताना ओसरते. हिप थ्रस्टमध्ये ती जवळजवळ स्थिर राहून स्नायू आखूड होईपर्यंत टिकते. नवशिक्यांमध्ये नितंबांच्या वाढीचे फलित सारखेच दिसून आले असल्याने निवड उद्दिष्टावरून करणे योग्य ठरते. मांडी व नितंब दोन्ही विकसित करावयाचे असतील आणि वेळ एकाच व्यायामाला असेल, तर पूर्ण खोलीचा स्क्वॅट उचित होय. मांड्यांवर अधिक भार न टाकता नितंबांना काम द्यावयाचे असेल किंवा घोट्याच्या ताठरपणामुळे खोल बसणे शक्य नसेल, तर हिप थ्रस्ट उपयुक्त ठरतो. कोणत्याही व्यायामाबाबत तो किती वजनाने केला हे विचारण्यापूर्वी, त्याचा भार सांध्याच्या कोणत्या कोनात पडतो, हे विचारणे आवश्यक आहे.