चॅटबॉटला ओलांडून तक्रार निवारण अधिकाऱ्यापर्यंत

समजा, सांगलीतल्या एका गृहिणीने शॉपिंग ॲपवरून ३,४९९ रुपयांचा मिक्सर मागवला. खोक्यात चटणीचे भांडेच नव्हते. तिने परतीची नोंद केली आणि ४ जूनला कुरिअरवाला मिक्सर घेऊन गेला. ९ जूनला ॲपवर Refund completed असे झळकले, पण खात्यात पैसे आलेच नाहीत. मदतीच्या चॅटवर विचारले तर उत्तर आले, "तुमचा परतावा पूर्ण झाला आहे, पाच ते सात दिवस थांबा." ते दिवसही उलटले. पुन्हा विचारले, तर तेच उत्तर.

असे का होते? चॅटबॉट कंपनीच्या संगणकात त्या ऑर्डरपुढे जी नोंद असेल ती वाचतो आणि त्या नोंदीसाठी ठरवून दिलेले उत्तर देतो. या बाईंची तक्रार तर ती नोंदच चुकीची असल्याची आहे. त्यामुळे प्रश्न कितीही वेळा, कितीही वेगळ्या शब्दांत विचारला, तरी उत्तर बदलणार नाही. नोंद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नसेल, तर व्यवहार उघडून तपासू शकणारा माणूसच हवा.

त्या माणसापर्यंत जायचे तर सुरुवात मदतीच्या मुख्य पानावरून न करता त्या ऑर्डरच्या पानावरून करावी, म्हणजे संभाषण ऑर्डरला जोडले जाते. बॉटला लांबलचक हकिगत लिहू नये. तो त्यातला एखादा शब्द पकडून भलत्याच उत्तराकडे वळतो. पर्यायांवर बोट ठेवत जावे. उत्तर देऊन झाल्यावर "तुमचे समाधान झाले का?" असा प्रश्न बहुधा येतो. वैतागून बरेच जण तिथेच चॅट बंद करतात आणि तक्रार सुटल्याची नोंद होऊन बसते. तिथे ठामपणे "नाही" निवडावे. माणसाशी बोलण्याचा किंवा फोन मागवण्याचा पर्याय पुष्कळदा या नकारानंतरच उघडतो.

पर्याय सापडत नाही म्हणून इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधणे मात्र धोक्याचे आहे. नामांकित कंपन्यांच्या नावाने भामट्यांनी पेरलेले नंबर तिथे असतात. परतावा देण्यासाठी ओटीपी, यूपीआयचा पिन किंवा फोनची स्क्रीन दाखवणारे ॲप मागणारा माणूस चोरच समजावा. नंबर घ्यायचा तो कंपनीच्या ॲपवरून किंवा बिलावरून. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

माणूस भेटला की मागणी नेमकी असावी. "माझे पैसे कुठे आहेत?" या प्रश्नाला तोही स्क्रीनवरची तीच नोंद वाचून दाखवेल. त्याऐवजी परताव्याचा संदर्भ क्रमांक मागावा. कार्डावर परत केलेल्या पैशांसाठी एआरएन हा क्रमांक असतो, तर यूपीआय किंवा बँक खात्यासाठी आरआरएन किंवा यूटीआर. हा क्रमांक मिळाला की आपली बँक त्यावरून पैशांचा माग काढू शकते. पैसे ॲपच्याच वॉलेटमध्ये किंवा गिफ्ट कार्डात जमा झाले नाहीत ना, हेही आधी पाहून घ्यावे. दिवस उलटूनही कंपनीला संदर्भ क्रमांक सांगता येत नसेल, तर पैसे तिच्याकडून निघालेच नसावेत, अशी दाट शंका घ्यायला जागा आहे.

पहिल्या फळीतल्या कर्मचाऱ्याला फारसे अधिकार नसतात. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. प्रकरण वरिष्ठांकडे द्यायला सांगावे आणि तक्रारीचा तिकीट क्रमांक घ्यावा. हा क्रमांक जपून ठेवावा, कारण प्रत्येक नव्या चॅटला नवे तिकीट निघते आणि जुनी तक्रार मागे पडते. पुढच्या वेळी पहिलाच क्रमांक देऊन तेच प्रकरण पुढे न्यायला सांगावे. चॅटचे आणि Refund completed या नोंदीचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवावेत.

इथेही टोलवाटोलवी चालू राहिली, तर चॅटचा नाद सोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने असा अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव, हुद्दा व संपर्क आपल्या प्लॅटफॉर्मवर देणे बंधनकारक आहे. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात तिचे निवारण करायचे असते. ॲपमध्ये हा तपशील चटकन सापडत नाही. ब्राउझरमध्ये कंपनीची वेबसाइट उघडून अगदी तळाशी जावे आणि Grievance Officer किंवा Grievance Redressal हे शब्द शोधावेत. तिथे नसेल तर Terms of Use हे पान पाहावे.

पत्र छोटे असावे. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी १६ जूनला असा ईमेल पाठवावा:

"ऑर्डर क्रमांक अमुक. किंमत ३,४९९ रुपये. भांडे नसल्याने मिक्सर ४ जूनला परत केला. ९ जूनला परतावा पूर्ण झाल्याचे ॲपवर दिसते. खात्यात रक्कम जमा नाही. तिकीट क्रमांक अमुक. परताव्याचा संदर्भ क्रमांक कळवावा. रक्कम पाठवली नसेल तर त्वरित जमा करावी. बँकेचा उतारा व स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत."

संताप, धमकी, मागची सगळी कहाणी यांपैकी काहीही नको. उताऱ्यातही ९ जूननंतरचा तेवढाच भाग जोडावा, बाकीचे व्यवहार झाकावेत. आता १८ जूनपर्यंत पोच आणि १६ जुलैपर्यंत निकाल अपेक्षित आहे. पोच आली नाही तर ४८ तासांनंतर त्याच ईमेलला उत्तर म्हणून स्मरणपत्र पाठवावे, म्हणजे पहिली तारीख कायम राहते.

महिना उलटला, किंवा उत्तर म्हणून पुन्हा तीच छापील ओळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन ती कंपनीकडे पाठवून तडजोडीचा प्रयत्न करते. कंपनीला आदेश देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तो जिल्हा ग्राहक आयोगाला आहे. आयोगात e-jagriti.gov.in वरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले तरी सांगलीच्या रहिवाशाला सांगलीच्याच आयोगात जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

ही वाट ऑनलाइन खरेदीची आहे. बँकेविरुद्धच्या तक्रारीत आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर cms.rbi.org.in वरून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

चॅटवर घालवलेले दिवस महिन्याच्या या मुदतीत धरले जातीलच असे नाही, पण तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलेल्या ईमेलच्या तारखेबद्दल वाद उरत नाही. म्हणून एकच उत्तर दुसऱ्यांदा मिळाले की तिसऱ्यांदा विचारत बसू नका. त्याच दिवशी त्या अधिकाऱ्याला ईमेल पाठवा.