गळून पडलेला ‘हो’

कापसाचा हंगाम ऐन भरात असताना मी अक्कांना एक मेसेज टाकला. ‘ओलाव्याचे आकडे अजून आले नाहीत. चारच्या आत पाठवा.’ आठ शब्द. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब बघतो आणि अक्का काट्यावर असतात. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, पुढे बारापर्यंत भाव कापतात आणि त्यावर गेला तर माल परत, म्हणून आमच्याकडेही दर गाडीचा आकडा लागतोच. चारला आकडे आले. संध्याकाळी अक्का समोर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, दुपारचा मेसेज वाचून वाटलं, तुम्ही रागावलात.”

मी चक्रावलो. मी तर रागावलोच नव्हतो. माझ्या कानात ती वाक्यं अगदी साध्या सुरात वाजत होती.

आणि मौज अशी की नेमकं तिथंच सगळं घडतं. 1990 साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीनं एक प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. 120 ठेक्यांपैकी ओळखली गेली फक्त तीन! वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, चालीसकट, शब्दांसकट. समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. माझे आठ शब्द म्हणजे ती टकटक होती.

पण मराठीत ही चाल कुठे असते, याचा विचार करताना मला जे सापडलं, त्यानं मी जास्त थक्क झालो. हेच मी काट्यावर जाऊन बोललो असतो तर काय म्हणालो असतो? “अक्का, ओलाव्याचे आकडे अजून आले नाहीत हो. चारच्या आत जरा पाठवा ना.” हाक सोडली तर तीनच शब्द जास्त आहेत, हो, जरा आणि ना. अर्थाच्या हिशेबी तिघांचं वजन शून्य. पण आपला सगळा जिव्हाळा या चिल्लर शब्दांवर उभा आहे. रे, गं, हो, ना, की. ‘नाही’ म्हटलं तर दार लागतं, ‘नाही हो’ म्हटलं तर दार किलकिलं राहतं. आणि मेसेज टाइप करताना आपण नेमके हेच शब्द गाळतो, कारण लिहायचं म्हटलं की शाळेतली प्रमाणभाषा बोटांत येते.

अक्कांच्या घरी तेलुगू. मराठी त्या इथल्या बाजारात शिकल्या आणि ती त्यांना सुरेख येते. तेलुगूत आदर दाखवायला ‘अंडी’ हा प्रत्यय आहे, आणि तो क्रियापदालाच नव्हे, साध्या होकार-नकारालाही चिकटतो. अवुनु म्हणजे हो, त्याचं अवुनंडी. लेदु म्हणजे नाही, त्याचं लेदंडी. ज्या कानाला नकारातही आदर ऐकायची सवय आहे, त्याला माझं ‘आले नाहीत’ कोरडं लागणारच. वर तो ‘अजून’! बोलताना तो नुसती माहिती देतो. लिहिल्यावर त्याचा ठपका होतो.

आता हे सगळं कळल्यावर मी लिहायला बसलो आणि लांबलचक लिहिलं. मनापासून सॉरी, माझा असा हेतू मुळीच नव्हता, आज फार ताण होता, तुमच्याबद्दल मला किती आदर आहे, प्लीज माफ करा, खरंच सॉरी. पाठवण्याआधी एकदा अक्का होऊन वाचलं, तेव्हा जाणवलं की याला उत्तर त्यांना द्यावं लागणार.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यानं 1971 च्या पुस्तकात ही गोष्ट फार बारकाईनं दाखवली आहे. नांदेडच्या एसटीत कुणाचा पाय आपल्या पायावर पडला की काय होतं? तो म्हणतो, “सॉरी हं.” आपण म्हणतो, “असू द्या.” तो हसून मान हलवतो, आपणही हलवतो, आणि विषय मिटतो. माफी ही एकट्यानं करायची गोष्टच नाही. ती अर्धीच असते, उरलेली अर्धी ‘असू द्या’ म्हणून समोरच्याला भरावी लागते. तेलुगूत तिथे ‘पर्लेदु’ येतं. म्हणजे मी चारदा सॉरी म्हटलं तर अक्कांना चारदा पर्लेदु म्हणावं लागणार. मन दुखलं त्यांचं, आणि समजूत घालायचं काम पुन्हा त्यांच्याकडेच! अति माफीची खूण हीच. समोरचा आपलं सांत्वन करू लागला की समजावं, आपण पलीकडे गेलो.

मग ठेवायचं काय? 2016 साली ओहायोतल्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग पाडून 755 जणांना वाचायला दिले. खेद, कारण, जबाबदारी घेणं, पुन्हा न करण्याचं आश्वासन, भरपाई आणि क्षमायाचना. सगळ्यांत जास्त पटलं ते जबाबदारी घेणं, त्याखालोखाल भरपाई. सगळ्यांत कमी उपयोगाची ठरली ती क्षमायाचना! आपण सगळ्यात जास्त वेळा करतो ती.

आणि जबाबदारी घ्यायला मराठीत दोन शब्द तयार आहेत: माझं चुकलं. यात ‘जर’ नाही. ‘वाईट वाटलं असल्यास क्षमस्व’ यातला ‘असल्यास’ चूक वाचणाऱ्याच्या मनावर ढकलतो, आणि ‘क्षमस्व’ तर खणलेल्या रस्त्याजवळच्या पाटीवरचा शब्द आहे. तो माणसाकडून माणसाला जात नाही.

मी शेवटी पाठवलं ते असं:

“अक्का, दुपारी ‘अजून आले नाहीत’ असं तुटक लिहिलं, ते माझं चुकलं. राग नव्हता, गाड्यांची यादी बंद करायची घाई होती. उद्यापासून दोनलाच आठवण करतो, म्हणजे तुमचीही धावपळ नको. चारची वेळ तेवढी पाळायला लागेल हो.”

यात नेमकं कोणतं वाक्य खटकलं ते त्यांच्यासमोर धरलं आहे, नाहीतर ‘काय बोललो असेन ते’ असा मोघमपणा राहतो. कारण एकाच ओळीचं आहे, आणि तेही खरं होतं म्हणून लिहिलं. मी खरोखर चिडलो असतो तर ‘राग नव्हता’ लिहिणं खोटं ठरलं असतं, आणि रोज शेजारी काम करणाऱ्या माणसाला ते कळतंच; तेव्हा ‘चिडून लिहिलं, माझं चुकलं’ एवढंच म्हणावं. दोनची आठवण ही भरपाई. शेवटची ओळ लिहिताना मात्र मी बराच अडखळलो. सूर चुकला होता, मागणी चुकली नव्हती. अपराधी वाटून ‘आकडे सवडीनं द्या’ असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी यादी अडकली असती, आणि मग खरंच रागवायची वेळ आली असती.

दुपारचा मेसेज ग्रुपवर नव्हता, म्हणून माफीही अक्कांनाच गेली. ग्रुपवर असता तर ‘माझं चुकलं’ एवढं तिथंच लिहायला हवं होतं, कारण ते तुटक वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. बाकीचं दोघांत.

अक्कांचं उत्तर एका शब्दाचं आलं. पर्लेदु. त्यावर मी हात जोडलेलं एक चित्र पाठवलं आणि फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी लिहिलं, “अक्का, आकडे बघा हो जरा.” तीनला दहा कमी असताना काट्यावरून आकडे आले. खाली लिहिलं होतं, “शेवटच्या दोन गाड्या बाराच्या वर आहेत हो भाऊ.”