‘कळवतो’च्या पुढचं

कांदेपोह्यांच्या काळात नकार देणं सोपं होतं. मुलाकडचे लोक जिना उतरताना म्हणायचे, ‘कळवतो.’ आठवडाभराने निरोप यायचा : पत्रिका जुळत नाही. खरं कारण काहीही असो, दोष ग्रहांच्या माथी जायचा आणि दोन्ही घरांची अब्रू शाबूत राहायची.

पण दोघं अ‍ॅपवर किंवा विवाहसंस्थेच्या साइटवर ओळख होऊन स्वतःच चार-पाच वेळा भेटलेले असतात, तेव्हा ही पळवाट उरत नाही. त्यातून समोरचा माणूस सज्जन असेल तर आणखी पंचाईत. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. झिडकारलेला माणूस दुखावतो, हे अपेक्षितच होतं. पण नकार देणाऱ्यांनाही अपराधी वाटत होतं आणि काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. मग माणूस गप्प बसतो, नाहीतर गोड गोड लिहितो.

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. दीड महिन्यात पाच भेटी. मुलगा वेळेवर यायचा, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख लक्षात ठेवून फोन करायचा. तरी प्रत्येक भेटीआधी ती रिक्षात बसून बोलायचे विषय मनात जुळवायची. पाचव्या भेटीनंतर तिने मला हा मजकूर दाखवला :

‘सॉरी, बरेच दिवस बोलायचं होतं. तू खूप छान आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल. सध्या ऑफिसात फार काम आहे, मी अजून तयार नाही बहुतेक. आपण मित्र राहू ना? परत एकदा सॉरी.’

यात वाईट शब्द एकही नाही; अडचण वेगळीच आहे. ‘सध्या’ आणि ‘बहुतेक’ हे दोन शब्द दार किलकिलं ठेवतात. कामाचं कारण दिलं की सज्जन माणूस म्हणणार, ‘काही घाई नाही, मार्चअखेर होऊ दे.’ म्हणजे दुसरा नकार आला, आणि तो अधिक कठीण. ‘मित्र राहू ना?’ या प्रश्नाला त्याने त्याच क्षणी हसतमुखाने ‘हो’ म्हणावं, अशी सक्ती होते. सॉरीचंही तसंच. गिली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनात दिसलं, की नकारासोबत माफी मागितली तर समोरच्याला जास्तच लागतं. वर ‘असू दे’ म्हणण्याचं दडपण येतं, मनातून माफ केलेलं नसलं तरी.

दोन दिवसांनी तिने पाठवलं ते असं :

‘आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तू आठवणीने फोन केलास, ते माझ्या लक्षात राहील. पण जोडीदार म्हणून जे वाटायला हवं, ते मला तुझ्याबद्दल वाटत नाही, आणि पुढे वाटेल असंही नाही. म्हणून शनिवारी न भेटता इथेच थांबावं, असं मी ठरवलं आहे. तुला काही म्हणायचं असेल तर मी नक्की वाचेन. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’

कौतुक एकच, पण ते फक्त त्यालाच लागू पडणारं. ‘छान आहेस’ कुणालाही म्हणता येतं. कारण तिच्या मनातलं आहे, त्याच्या स्वभावातलं नाही. ‘तू फार कमी बोलतोस’ असं लिहिलं असतं, तर तो म्हणाला असता, ‘मी बोलत जाईन.’ दुरुस्त करता येईल असा दोष दाखवला की वाटाघाट सुरू होते. ‘ठरवलं आहे’ने ती थांबते.

वेळही तिने विचार करून निवडली : गुरुवारी रात्री साडेआठ. तो ऑफिसातून घरी पोचलेला, शनिवारची तिकिटं अजून काढायची होती. इतक्या थोड्या भेटींनंतर फोनपेक्षा मेसेज बरा, कारण चेहरा आणि आवाज सावरण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. काही महिने सोबत काढलेले असतील, घरच्यांना माहीत असेल, तर मात्र समोर बसूनच सांगायला हवं.

तासाभराने त्याने विचारलं, ‘माझं काही चुकलं का?’ तिने यादी दिली नाही, सारवासारवही केली नाही. लिहिलं, ‘नाही. खरंच नाही.’

खरी कसोटी त्यानंतरच्या आठवड्यात होती. अपराधी वाटत असलं की ‘कसा आहेस?’ विचारावंसं वाटतं. विचारणाऱ्याला तेवढंच हलकं वाटतं, ऐकणाऱ्याची आशा पुन्हा पालवते. तिने एका रात्री ते दोन शब्द लिहिले, थोडा वेळ पाहत बसली आणि खोडून टाकले. त्या रात्री तिने केलेली भलाई त्याला कधीच कळणार नाही.