‘उषःकाल’: गोष्ट शिवकाळाची, पेच १८९०च्या दशकातला

हरि नारायण आपटे यांची ‘उषःकाल’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९५ ते १८९७ या काळात क्रमशः आली. याच सुमारास, १८९६ साली, टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवजयंती उत्सव झाला.

कादंबरीत शिवाजी महाराज आहेत, पण कथेचा ताण एका घरातला आहे. किल्लेदार बाप विजापूरच्या बादशाहीशी इमानी, तर मुलगा स्वराज्याकडे ओढला जातो. सरकारी नोकरीत वडील आणि राष्ट्रीय चळवळीकडे वळणारे तरुण, हे चित्र तेव्हाच्या वाचकाला आपल्याच घरातले वाटू शकत होते.

किल्ला शिवकाळातला, उंबऱ्यावरचा प्रश्न मात्र ब्रिटिश राजवटीतला: खाल्ल्या मिठाला जागायचे की देशाला?