डब्याबाहेरचा आवाज

माझी ताई डोंबिवलीच्या घरातून परदेशातल्या मराठी मुलांना भाषा शिकवते. शनिवारी सकाळी ती हेडसेट कानाला लावून बसते, तेव्हा न्यू जर्सीत शुक्रवारची रात्र असते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या आईने तिला सांगितलं, "ताई, तुमच्या आवाजामागे सारखा पाऊस पडतोय असं वाटतं." ताईने नवा हेडसेट आणला. पाऊस काही थांबला नाही. मग तिने मला बोलावलं.

संगणक म्हणजे सात वर्षांपूर्वी जुळवून घेतलेला डेस्कटॉप, टेबलाखाली ठेवलेला. हेडसेटच्या गुलाबी आणि हिरव्या दोन पिना कॅबिनेटच्या पुढच्या भोकांत. मी हेडसेट कानाला लावला आणि काहीही न वाजवता नुसता ऐकत बसलो. सूं असा एक संथ आवाज होता. पीडीएफचं पान वर-खाली सरकवलं की त्यात बारीक किर्र मिसळायची आणि माउस थांबला की तीही थांबायची. संगणकाचा आवाज पूर्ण म्यूट केला, तरी दोन्ही तसेच राहिले. याखेरीज कोणी बोलत असताना मधेच टक्, तड असं वाजायचं, पण म्यूट केल्यावर ते बंद व्हायचं. चौथी तक्रार ताईने स्वतःहून सांगितली: संध्याकाळी गाणी ऐकायला ती संगणक मोठ्या अँप्लिफायरला जोडते, तेव्हा स्पीकरमधून घूं असा जाड आवाज येतो.

"ते छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं ना, ते लावलं की सगळं जातं म्हणे," ताई म्हणाली. काही शे रुपयांची ही वस्तू पेनड्राइव्हएवढी असते आणि तिला दोन भोकं असतात. तिने सगळं जात नाही. काय जातं आणि काय जात नाही, हे मात्र आधीच ओळखता येतं.

संगणकाच्या आत आवाज म्हणजे निव्वळ आकडे. दर सेकंदाला 48,000 आकडे. मदरबोर्डवरची एक छोटी चिप या आकड्यांचं विजेच्या चढउतारात रूपांतर करते आणि तो चढउतार तारेतून हेडफोनकडे जातो. माइकचा प्रवास याच्या उलटा. आकड्यांना गोंगाटाची फारशी भीती नसते, कारण शून्य आणि एक यांच्यातला फरक किरकोळ खळबळीने पुसला जात नाही. पण आकड्यांची वीज झाली, की वाटेत जे काही मिसळेल ते आवाजच होऊन बसतं. माइकमधून येणारा संदेश तर जेमतेम काही मिलिव्होल्टचा. ज्या पेटीतून तो जातो, तिथे प्रोसेसरला पुरवला जाणारा प्रवाह क्षणाक्षणाला कित्येक अँपिअरने वरखाली होत असतो. पान सरकवलं की ग्राफिक्सचं काम वाढतं, प्रवाह बदलतो आणि त्याची सावली आवाजाच्या तारेवर पडते. ती किर्र म्हणजे ही सावली.

यात पुढच्या भोकांचा वाटा मोठा असतो. चिप मदरबोर्डच्या मागच्या बाजूला बसवलेली, भोकं कॅबिनेटच्या तोंडाशी. दोन्हींना जोडणारी बारीक वायर ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून सबंध पेटी ओलांडून येते. म्हणून पहिला उपाय फुकटचा: पिना काढून कॅबिनेटच्या मागच्या भोकांत खोचायच्या. दुसराही फुकटचाच. विंडोजच्या माइक सेटिंगमध्ये 'Microphone Boost' नावाची पट्टी असते. ताईच्या संगणकावर ती +30 dB वर होती, म्हणजे माइकच्या आवाजाबरोबर पेटीतला गोंगाटही तीसपटीहून जास्त फुगवला जात होता. आवाज पुरेसा मोठा येईल इतपतच ही पट्टी वर ठेवायची.

किती फरक पडतो हे कानावर सोडलं तर मन फसवतं. म्हणून मी ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये मोजून पाहिलं. ताईने प्रत्येक वेळी तेच वाक्य त्याच अंतरावरून वाचायचं, तिचा आवाज मीटरवर –12 dB च्या आसपास येईल अशी पट्टी लावायची आणि मग दहा सेकंद गप्प बसायचं. या गप्प बसण्यात मीटर जे दाखवतो तो गोंगाट. आधी बोलण्याची पातळी सारखी केली नाही, तर तुलनेला अर्थ राहत नाही. पुढच्या भोकात गोंगाट –46 होता, मागच्या भोकात –53. मग यूएसबी कार्ड लावलं, तेव्हा –67. दर 20 dB ला विजेचा दाब दहापटीने बदलतो; म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या मोजणीत गोंगाट दहाव्या हिश्शाहून खाली आला. माउस हलवून पाहिला. किर्र गेली होती.

कार्ड हे कसं करतं? त्याला मिळणारी 5 व्होल्टची वीज शेवटी त्याच गोंगाटी संगणकातून येते, मग ते शांत कसं? एक तर पेटीच्या बाहेर येतात ते फक्त आकडे. त्यांची वीज बाहेर, कार्डाच्या आत होते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. विजेचा दाब नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजला जातो आणि त्या आधाराला ग्राउंड म्हणतात. मदरबोर्डवर हा आधार सगळ्यांत मिळून एकच असतो आणि त्यातून मोठे प्रवाह वाहत असल्याने तो इथे एक, तिथे दुसरा असा डळमळत राहतो. कार्डात माइकचं भोक, हेडफोनचं भोक आणि रूपांतर करणारी चिप हे सगळं इंचभर जागेत, एकाच आधारावर उभं असतं. हलत्या बोटीत बसलेली माणसं जशी एकमेकांच्या तुलनेत स्थिर असतात, तसंच हे. हेडसेट बाहेरच्या कशालाच जोडलेला नसल्याने बोट हलतेय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

हेडसेटवर गुण देणारं हे औषध मोठ्या स्पीकरवर का चालत नाही, तेही याच उपमेतून कळतं. ताईचा अँप्लिफायर तीन पिनांचा आणि खोलीच्या दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलेला. संगणकही तीन पिनांचा. दोघांना अर्थिंगच्या तारेने एक वाट मिळते आणि आवाजाच्या केबलने दुसरी. दोन्ही वाटा मिळून एक वेटोळं तयार होतं, त्यातून बारीक प्रवाह फिरतो आणि आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेचा घूं स्पीकरमध्ये उमटतो. इथे एक टोक बोटीत आणि दुसरं किनाऱ्यावर. यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची तार असतेच, म्हणून कार्ड लावूनही वेटोळं तुटत नाही.

हे मोबाइलने पडताळता येतं. अँप्लिफायरला संगणकाऐवजी बॅटरीवर चालणारा फोन जोडला, घूं गायब. म्हणजे अँप्लिफायर निर्दोष. मग त्याच फोनला चार्जिंगची केबल लावून ती संगणकात खोचली आणि घूं परत आला. गुन्हेगार सापडला. अँप्लिफायर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यावर घूं बराच कमी झाला. उरलेला घालवायला केबलच्या मधे बसणारा छोटा आयसोलेटर मिळतो. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पलीकडे जातो, पण तांब्याची थेट वाट राहत नाही. संगणकाला ऑप्टिकल आउटपुट असेल, तर त्या प्रकारचं बाहेरचं कन्व्हर्टर त्याहून चांगलं, कारण तिथे आकडे प्रकाशाने जातात. मात्र कन्व्हर्टरला वेगळा अडॅप्टर लागतो. तो यूएसबीतून वीज घेत असेल, तर वेटोळं पुन्हा जुळतं.

घूं घालवायला काही जण अर्थिंगची पिनच काढून टाकतात. ते कधीही करू नये. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल, तर घरातलं अर्थिंग तुटलेलं असण्याचा संभव आहे. तेव्हा साउंड कार्डाआधी वायरमनला बोलवायचं.

आता उरली ती टक्-तड. ती म्यूट केल्यावर थांबत होती, म्हणजे विजेत नव्हे, आकड्यांतच काही बिघडत होतं. यूएसबी कार्डाला संगणकाकडून दर मिलिसेकंदाला 48 आकड्यांचा एक गठ्ठा लागतो. संगणक दुसऱ्या कामात अडकला आणि गठ्ठा उशिरा आला, की पडलेली फट टक् म्हणून ऐकू येते. कार्ड बदलल्याने संगणकाचा वेंधळेपणा जात नाही. उलट पहिल्या दिवशी तडतड वाढलीच, कारण ताईने कार्ड वेबकॅमच्याच हबमध्ये खोचलं होतं. ते मागच्या यूएसबी पोर्टमध्ये थेट लावल्यावर बरंच निवळलं. उरलेल्यासाठी LatencyMon हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालू ठेवला. त्याने वायफायच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं आणि तो अपडेट केल्यावर तडतड गेली. इंटरनेट बंद करून डिस्कवरचं गाणं वाजवून पाहणंही उपयोगाचं. ते स्वच्छ वाजलं, तर दोष कार्डात नसून नेटच्या बाजूला असतो. पिन हलवल्यावर तड वाजत असेल, तर भोक किंवा वायर सैल आहे. भोकच सैल असेल तर मात्र कार्ड खरोखर उपयोगी पडतं, कारण भोकं नवी मिळतात.

घेताना दोन गोष्टी बघाव्यात. फोनबरोबर येणाऱ्या एकाच पिनेच्या हेडसेटला दोन भोकांच्या कार्डात माइक मिळत नाही. त्याला एकत्र भोकाचं कार्ड किंवा दोन पिनांत फोडणारी छोटी वायर लागते. आणि खोक्यावर '7.1' असं छापलेलं असलं तरी दोन भोकांतून सात-आठ स्पीकरचा आवाज येत नाही, तो सॉफ्टवेअरचा आभास असतो. साध्या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण संगणक ते आपणहून वापरेलच असं नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये आणि मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये, दोन्हीकडे 'USB Audio Device' किंवा 'USB PnP Sound Device' निवडावं लागतं. ताईने हे फक्त एकीकडे केलं होतं आणि पहिला तास तिने जुन्याच भोकाने घेतला.

पुढच्या शनिवारी त्याच विद्यार्थ्याच्या आईचा निरोप आला: पाऊस थांबलाय, पण आता तुमचा पंखा ऐकू येतोय. कार्डापुढे माइक असतो आणि माइकपुढे खोली. तिथे जे वाजतं ते कार्ड इमानाने पलीकडे पोचवतं. तास सुरू होण्याआधी ताई आता पंखा बंद करते.