एकच आकडा, दोन निर्णय : गर्भिणीच्या टीएसएच अहवालाचा अर्थ

सुलतानपूरसारख्या गावातील गर्भिणी रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की तो प्रथम आपल्या ओळखीच्या वैद्यांना अथवा औषधालयात दाखविते. अहवालाच्या उजव्या बाजूस छापलेली मर्यादा पाहून "सर्व ठीक आहे" किंवा "थायरॉईड वाढला आहे" असे सांगण्याचा मोह आपल्याला होतो. तथापि ती छापील मर्यादा बहुधा गर्भिणी नसलेल्या प्रौढ व्यक्तींची असते. गर्भावस्थेत ती जशीच्या तशी लागू पडत नाही. असे का, हे दोन उदाहरणांच्या आधारे पाहू.

समजा, दोन गर्भिणी आपल्याकडे आल्या आहेत. दोघींना नववा आठवडा चालू आहे व दोघींचा टीएसएच ३.६ आहे. (अहवालात एकक मिलि आययू प्रति लिटर असो वा मायक्रो आययू प्रति मिलिलिटर, आकडा तोच राहतो.) अहवालावर छापील मर्यादा ०.३५ ते ५.५ अशी आहे. पहिलीस पूर्वी थायरॉईडचा कोणताही विकार नव्हता. दुसरी गेली दोन वर्षे रोज ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेत आहे. छापील मर्यादेनुसार दोघीही निरोगी ठरतात. प्रत्यक्षात दोघींबाबतचा निर्णय वेगवेगळा आहे.

प्रथम शरीरक्रिया लक्षात घेऊ. टीएसएच हे पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक असून ते अवटु म्हणजे थायरॉईड ग्रंथीस कामाला लावते. थायरॉक्सिन कमी पडू लागले की टीएसएच वाढते, पुरेसे झाले की उतरते. गर्भधारणेनंतर अपरेपासून एचसीजी हे संप्रेरक स्रवू लागते. त्याची रचना टीएसएचशी मिळतीजुळती असल्यामुळे तेही थायरॉईडला चालना देते. त्याचे प्रमाण साधारणतः आठव्या ते अकराव्या आठवड्यात सर्वाधिक असते. या काळात थायरॉक्सिन किंचित वाढते आणि पीयूषिकेला आपला हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून पहिल्या त्रैमासात निरोगी गर्भिणीचाही टीएसएच उतरतो. पुढे एचसीजी कमी होते व टीएसएच हळूहळू मूळ पातळीकडे परततो.

त्याच वेळी इस्ट्रोजेनमुळे रक्तातील थायरॉक्सिन बांधून ठेवणारे प्रथिन वाढते, आणि गर्भालाही मातेचे थायरॉक्सिन लागते. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत पुरेशी कार्यक्षम नसते. त्यामुळे मातेच्या ग्रंथीला सुमारे २५ ते ५० टक्के अधिक काम करावे लागते. निरोगी ग्रंथी ते करते. दुर्बल ग्रंथी मागे पडते आणि टीएसएच वाढतो.

आता मर्यादांचा प्रश्न. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०११ मध्ये पहिल्या त्रैमासासाठी २.५ व नंतर ३.० ही कमाल मर्यादा सुचविली होती. हे आकडे सर्वत्र रूढ झाले. परंतु निरनिराळ्या देशांतील निरोगी गर्भिणींची मोजणी झाली तेव्हा ही मर्यादा अनेक ठिकाणी फार खाली असल्याचे दिसले. आपल्या देशात दिल्ली येथील २००८ च्या अभ्यासात निरोगी गर्भिणींमध्ये पहिल्या त्रैमासात ५.० पर्यंत व नंतर ५.७ च्या आसपास मूल्ये आढळली होती. म्हणून त्याच संस्थेने २०१७ मध्ये आपले मत बदलले. स्थानिक मर्यादा उपलब्ध असेल तर ती वापरावी. नसल्यास सातव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भिणी नसलेल्यांच्या कमाल मर्यादेतून सुमारे ०.५ वजा करावे, म्हणजे ती अंदाजे ४.० येते, असे त्यात सांगितले आहे. याउलट, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत पहिल्या त्रैमासासाठी २.५ हीच सीमा धरलेली आहे. तीनुसार त्यापुढे १० पर्यंत रोज २५ मायक्रोग्रॅम व १० च्या वर ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन द्यावे. एकाच अहवालावर दोन डॉक्टरांचे मत भिन्न का असते, याचे कारण येथे आहे. त्यात कोणाचे अज्ञान असतेच असे नाही.

पहिल्या गर्भिणीकडे वळू. तिचा ३.६ हा आकडा २०१७ च्या मर्यादेत आहे, पण २.५ पेक्षा अधिक आहे. अशा वेळी अँटी-टीपीओ प्रतिपिंडांची तपासणी निर्णायक ठरते. प्रतिपिंडे असतील तर ग्रंथीवर शरीराचाच हल्ला चालू आहे व वाढता भार तिला पेलणार नाही, अशी शक्यता असते. तेव्हा अल्प मात्रेचा विचार करता येतो. प्रतिपिंडे नसतील तर २०१७ च्या मतानुसार औषधाची गरज नाही, चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी पुरेशी आहे. हाच टीएसएच ४ ते १० दरम्यान असता व प्रतिपिंडे असती, तर औषध द्यावे असे स्पष्ट मत आहे. प्रतिपिंडे नसतील तर विचार करावा. टीएसएच १० च्या वर असेल, अथवा वाढलेल्या टीएसएचसोबत फ्री टी-४ कमी असेल, तर प्रतिपिंडांची वाट न पाहता तत्काळ उपचार आवश्यक आहेत. तेथे गर्भपात, अकाली प्रसूती व बालकाच्या मेंदूच्या वाढीस अपाय यांचा धोका खरा आहे.

सौम्य वाढीबाबत एवढी सावधगिरी का? २०१२ व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा मातांना थायरॉक्सिन देऊनही मुलांच्या बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. मात्र दोन्हींत औषध पहिल्या त्रैमासानंतर सुरू झाले होते, ही मर्यादाही ध्यानात ठेवावी.

दुसऱ्या गर्भिणीचा विचार निराळा आहे. तिच्या ग्रंथीत वाढीव काम करण्याची शक्ती नाही. ती बाहेरच्या मात्रेवर अवलंबून आहे. तिच्यासाठी लक्ष्य २.५ च्या खाली आहे. म्हणून ३.६ चा अर्थ मात्रा अपुरी पडू लागली आहे. गर्भधारणा निश्चित होताच आठवड्यास सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे सुमारे २५ ते ३० टक्के वाढ, हा रूढ मार्ग आहे. ही वाढ तिच्या प्रसूतितज्ज्ञांनी ठरवावी; तिला त्याच दिवशी तिकडे पाठविणे हे आपले काम. पुढे गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी व तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा टीएसएच पाहावा. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावा.

औषधालयाच्या पातळीवर दोन गोष्टींमुळे आकडा फसवा होतो. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यावयाचे असते व लोह आणि कॅल्शियम त्याचे शोषण अडवितात. शासकीय लोहाच्या गोळ्यांप्रमाणेच लोहभस्म, मंडूर, प्रवाळ व शंखभस्म यांच्या कल्पांबाबतही चार तासांचे अंतर राखणे योग्य. गोळी नियमित घेऊनही टीएसएच चढत असेल, तर मात्रा वाढविण्यापूर्वी गोळ्या कोणत्या वेळी घेते हे विचारावे. दुसरी गोष्ट मिठाची. गर्भिणीला रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सैंधवात ते नगण्य असते. पथ्य म्हणून सर्व स्वयंपाक सैंधवात होत असेल, तर गर्भावस्थेत आयोडीनयुक्त मीठ सुरू करण्यास सांगावे. उलटपक्षी समुद्रशैवालाच्या गोळ्यांतून आयोडीन अतिरिक्त जाऊ शकते. त्या देऊ नयेत.

कांचनार गुग्गुळासारख्या कल्पांवर भिस्त ठेवून गर्भिणीची थायरॉक्सिनची गोळी थांबविणे मात्र कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही. दुसऱ्या गर्भिणीच्या बाबतीत त्याची किंमत पोटातील बालकाला मोजावी लागते. पहिलीला कोणी २५ मायक्रोग्रॅम सुरू केले असेल, तर तेही आपण बंद करू नये. आठवडा, प्रतिपिंडे व पूर्वइतिहास यांची नोंद एका कागदावर लिहून तिच्यासोबत प्रसूतितज्ज्ञांकडे द्यावी.